खातं भाड्यानं दिलं आणि नोटीस परराज्यातून आली

प्रश्न: "मी २३ वर्षांचा, परभणी जिल्ह्यातला. ओळखीच्या एका पोरानं महिना दहा हजार देतो म्हणून माझं सेव्हिंग खातं, एटीएम आणि माझ्या नावावरचं नवीन सिम घेतलं. दोनदा पैसे मिळाले. आता खातं फ्रीज आहे आणि हैदराबादच्या सायबर पोलिसांची हजर राहायची नोटीस आलीय. मी कुणाला साधा फोन केला नाही, फसवणं तर लांबच. तो पोरगा म्हणतो, एटीएम हरवलं म्हणून तक्रार दे, मिटून जाईल. देऊ का? त्याच्यासोबतचं चॅट डिलीट करू का?"

उत्तर:

दोन्ही करू नका. चॅट आहे तसं राहू द्या आणि खोटी तक्रार देण्याचा विचारही सोडा. कारणं पुढे सांगतो, पण हे वाचताना मोबाईल हातात असेल म्हणून आधी एवढं सांगितलं.

मी नांदेडला फौजदारी वकिली करतो. पूर्वी माझ्याकडे बांधाची भांडणं, मारामाऱ्या आणि चेक बाउन्सची प्रकरणं यायची. गेल्या काही वर्षांत महिन्यातून दोन-तीनदा तरी असं होतं की विशी-पंचविशीचा एक पोरगा ऑफिसात येतो, सोबत बाप असतो, आणि बापाला काय झालंय ते अजून कळलेलं नसतं. तुमची कागदपत्रं मी पाहिलेली नाहीत. त्यामुळे खालचं किती तुम्हाला लागू पडतं हे नोटिशीत कोणती कलमं आहेत, तुमच्या खात्यातून किती रक्कम गेली आणि तुम्ही स्वतः काय काय केलंत यावर ठरेल.

तुम्हाला खात्याची काळजी लागलीय, पण अडचण वेगळीच आहे. या सगळ्या साखळीत खरं नाव, खरा पत्ता आणि खरी सही असलेला माणूस फक्त तुम्ही आहात. ज्यानं फोन करून फसवलं त्याचं सिम दुसऱ्याच्या नावावर. ज्यानं पैसे फिरवले तो कुठे बसलाय ते माहीत नाही. एजंटानं तुमच्याशी केलेल्या व्यवहाराचा कुठे कागद नाही. बँकेत आधार, पॅन आणि फोटो आहे तो तुमचा. पोलीस तुमच्याकडे आले ते काही आकसानं नाही. पैशाच्या मागं चालत गेलं की पहिलं उघडणारं दार तुमचंच असतं.

ते कसे चालत येतात ते समजून घ्या. फसलेला माणूस १९३० वर फोन करतो किंवा cybercrime.gov.in वर तक्रार टाकतो. तक्रारीला एक क्रमांक पडतो. त्याच्या बँकेकडून कळतं की पैसे अमुक बँकेच्या अमुक खात्यात गेले. ती दुसरी बँक खात्यात जेवढे शिल्लक असतील तेवढे अडवून ठेवते आणि बाकीचे कुठे गेले ते कळवते. मग तिसरी बँक, चौथी बँक. पोलिसांच्या भाषेत हे 'लेअर'. फसलेल्या माणसाचे पैसे थेट ज्या खात्यात पडले तो पहिला लेअर, तिथून जिथे गेले तो दुसरा. तुमचं खातं पहिल्या लेअरमध्ये आहे की चौथ्या, याला फार महत्त्व आहे. चौथ्या लेअरमध्ये एखाद्या दुकानदाराच्या खात्यातही ग्राहकाकडून दोन-तीन हजार आलेले असू शकतात आणि त्याचंही खातं अडकतं, पण त्याच्याकडे पाहायची पोलिसांची नजर वेगळी असते. भाड्यानं दिलेली खाती बहुतेक वेळा पहिल्या-दुसऱ्या लेअरमध्येच सापडतात, कारण ती त्यासाठीच घेतलेली असतात.

माझ्याकडच्या एका प्रकरणावरून सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत. उदगीरकडचा पोरगा, वय २२. कॉलेज सुटलेलं, बापाची तीन एकर सोयाबीनची. गावातल्याच एकानं आधी सेव्हिंग खातं मागितलं, महिना आठ हजार भाडं. पहिल्या महिन्यात खात्यात फक्त एक रुपया आला आणि परत गेला. याला त्या धंद्यात 'टेस्टिंग' म्हणतात: खातं जिवंत आहे ना, ओटीपी येतोय ना, एवढंच बघायचं. पोराला वाटलं, एका रुपयाच्या उलाढालीसाठी आठ हजार मिळतात तर काय वाईट.

मग एजंट म्हणाला, सेव्हिंगची लिमिट कमी असते, करंट खातं उघड, आता भाडं नाही, टक्केवारी देतो. उद्यम नोंदणी ऑनलाईन आणि फुकट होते, स्वतःच भरायची असते. तिच्या जोरावर 'ट्रेडर्स' असं नाव घेतलं. एक बंद शटर चार दिवसांसाठी मिळवलं, वर फ्लेक्स लावला, बँकेचा माणूस फोटो काढून गेला की फ्लेक्स उतरवला. रबरी शिक्का बनवला. चेकबुक, कार्ड, नेट बँकिंगचा पासवर्ड, नोंदणी केलेलं सिम, हे सगळं एका पाकिटात घालून एजंटाकडे दिलं. या पाकिटाला ते 'किट' म्हणतात.

खातं चालू झालं त्या आठवड्यात पोराला छत्रपती संभाजीनगरला नेऊन लॉजवर ठेवलं. खाणंपिणं फुकट. त्याला वाटलं, पाहुणचार चाललाय. खरं कारण असं की खातेदार मोकळा असला तर तोच बँकेत जाऊन पैसे उचलून पळू शकतो, म्हणून खातं 'चालतंय' तोवर माणूस नजरेसमोर ठेवतात.

एका सकाळी सव्वाअकराच्या सुमाराला खात्यात ४ लाख ८० हजार आले. पाठवणारे तेलंगणातले एक निवृत्त शिक्षक. त्यांना शेअर बाजारात दुप्पट करून देतो म्हणून एका ग्रुपमध्ये घेतलं होतं. दहा मिनिटांच्या आत २ लाख ९० हजार चार तुकड्यांत चार खात्यांवर गेले: एक लाख, ९५ हजार, ५० हजार आणि ४५ हजार. ज्यांना पैसे पाठवायचे ती नावं आदल्या दिवशीच नेट बँकिंगमध्ये जोडून ठेवलेली होती. उरलेले १ लाख ९० हजार काढायला पोराला शाखेत पाठवलं. त्यानं सेल्फ चेक लिहिला, मागं सही केली, मोबाईल नंबर लिहिला, कॅशियरसमोर नोटा मोजल्या आणि बाहेर उभ्या गाडीत नेऊन दिल्या. त्याचे त्याला चार हजार मिळाले.

हे अकरा दिवस चाललं. खात्यातून एकूण ३७ लाख फिरले. पोराच्या हाती सगळं मिळून २६ हजार आले. बाराव्या दिवशी खातं गोठलं, आणि बँकेनं दाखवलेल्या यादीत वेगवेगळ्या राज्यांतल्या चौदा तक्रारी होत्या.

आता तुमचं वाक्य: मी कुणाला फोनसुद्धा केला नाही. तो पोरगाही हेच म्हणत होता, आणि ते खरंही होतं. नेट बँकिंगच्या लॉगिनची नोंद काढली तर ती त्याच्या मोबाईलवरून किंवा गावातून झालेली नव्हती, हेही दिसलं. पण यातून फक्त एवढंच सिद्ध होतं की बटण त्यानं दाबलं नाही. त्याला माहीत नव्हतं, हे त्यातून सिद्ध होत नाही. आणि खटला त्या माहीत असण्यावरच उभा राहतो.

अशा गुन्ह्यांत साधारणपणे भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८(४), म्हणजे फसवणूक, लागतं. त्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. सोबत माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ ड, म्हणजे ऑनलाईन तोतयेगिरी करून फसवणं, आणि कटाचं किंवा समान इराद्याचं कलम. खातेदाराला खरं जड जातं ते कलम ३१७. हे चोरीच्या मालाचं कलम. जुन्या भारतीय दंड संहितेत चोरीच्या मालाच्या व्याख्येत फसवणुकीनं मिळवलेली मालमत्ता सरळ नाव घेऊन लिहिलेली नव्हती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत ती आहे. आणि या कलमाला तुम्हाला पक्कं माहीत असणंही लागत नाही, 'तसं वाटायला कारण होतं' एवढं पुरतं.

ते कारण कसं दाखवतात? मी एका सरकारी वकिलांचा युक्तिवाद ऐकलाय, त्यांनी दोनच वाक्यं वापरली. बँकेत झिरो बॅलन्सचं खातं फुकट उघडतं. मग जी वस्तू फुकट मिळते ती कोणी महिना आठ हजार देऊन दुसऱ्याच्या नावानं का घेईल, हा प्रश्न आरोपीला पडला नाही का? न्यायाधीशांनी आरोपीकडे पाहिलं. माझ्याकडे त्याला चांगलं उत्तर नव्हतं, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. म्हणून मी आता पोरांना 'मला काहीच कल्पना नव्हती' हे वाक्य पाठ करून जाऊ नका म्हणतो. कमिशन घेतलं असेल तर ते वाक्य टिकत नाही, आणि ते तुटलं की पुढचं खरंही कोणी मानत नाही.

तुमची बाजू हलकी की जड, हे माझ्या अनुभवात तीन गोष्टींवर ठरतं. पहिली, तुम्ही स्वतः बँकेत जाऊन किंवा एटीएमवर उभं राहून ती रोकड काढलीत का? काढली असेल तर कॅमेऱ्यात तुम्ही आहात, चेकच्या मागं सही आहे, आणि 'मी फक्त खातं दिलं होतं' ही गोष्ट तिथेच संपते. दुसरी, खातं गोठल्यावर तुम्ही काय केलंत? पहिलं गोठल्यावर दुसऱ्या बँकेत नवीन खातं उघडून पुन्हा दिलं असेल तर अजाणतेपणाचा बचाव उरत नाही. तिसरी सगळ्यात वाईट: तुम्ही आणखी कुणाची खाती आणून दिलीत का? एका खात्यामागं दोन हजार मिळतात म्हणून मित्राचं, आतेभावाचं, हॉस्टेलवरच्या रूम पार्टनरचं खातं जोडून देणारी पोरं असतात. लातूर, संभाजीनगरच्या क्लासच्या भागात हे सहज होतं. त्या क्षणी तुम्ही खातेदार राहत नाही, पोलिसांच्या कागदावर एजंट होता. मग टोळी, कट, संघटित गुन्हेगारी असे शब्द येतात, आणि जामिनाचं गणितच बदलतं. यातलं काही केलं असेल तर ते वकिलापासून लपवू नका. मला कोर्टात कळण्यापेक्षा ऑफिसात कळलेलं बरं.

उलट बाजूचंही एक सांगतो, कारण प्रत्येक खातेदार आरोपीच होतो असं नाही. बीड जिल्ह्यातली एक बाई, ऊसतोड मजूर. भाच्यानं 'अनुदान येणार आहे' म्हणून तिचं पासबुक, कार्ड आणि अंगठा घेतला. खात्यातून सहा लाख फिरले तेव्हा ती नवऱ्यासोबत कोयत्यावर, शेकडो किलोमीटर लांब सांगली भागातल्या फडात होती. तिच्या हाती एक रुपयाही आला नव्हता. आम्ही मुकादमाचा जबाब, उचल घेतल्याची नोंद आणि त्या तारखांच्या कारखान्याच्या वजनपावत्या गोळा करून तपास अधिकाऱ्यांना दिल्या. तिला साक्षीदार केलं, आरोपी भाचा झाला. फरक कुठे पडला ते बघा. तिला मोबदला नव्हता, तिनं आणखी कुणाला ओढलं नव्हतं, आणि नोटीस आल्यावर ती चौथ्या दिवशी कागद घेऊन हजर होती. तुम्ही मोबदला घेतलाय, त्यामुळे तुमची गोष्ट तिच्यासारखी नाही. पण लवकर आणि खरं बोलण्याचा फायदा तुम्हालाही मिळतो.

आता त्या एटीएम हरवल्याच्या तक्रारीकडे येतो. उदगीरच्या पोरानं माझ्याकडे यायच्या आधी नेमकं हेच केलं होतं. एजंटानं मजकूर सांगितला, यानं ठाण्यात जाऊन अर्ज दिला: बसमध्ये पाकीट हरवलं, त्यात एटीएम, चेकबुक आणि सिम होतं. पुढे तेलंगणाचे पोलीस आले तेव्हा त्यांच्याकडे हरवल्याच्या तारखेनंतर त्यानं स्वतः सही करून वटवलेला चेक होता. अर्जामुळे दोन गोष्टी झाल्या. सरकारी नोकराला खोटी माहिती दिली, हा वेगळा गुन्हा. आणि ज्याला काही माहीत नव्हतं तो बचावाची कहाणी कशाला रचेल, असा सरळ अर्थ कोर्टानं काढला. जामिनाच्या अर्जावर मला अर्धा वेळ त्या एका कागदावर खर्चावा लागला. आणि हा सल्ला एजंट का देतो तेही पाहा. पाकीट बसमध्ये हरवलं असेल तर ते कुणाला दिलं हा प्रश्नच उरत नाही, आणि एजंट त्या गोष्टीतून गायब होतो.

चॅटचंही तसंच. तुम्हाला ते तुमच्या विरुद्धचा पुरावा वाटतंय, आणि काही प्रमाणात आहेही. पण एजंट नावाचा माणूस अस्तित्वात होता, त्यानंच खातं मागितलं, पासवर्ड त्याच्याकडे होता, हे दाखवणारी दुसरी वस्तू तुमच्याकडे नाही. कमिशन यूपीआयनं आलं असेल तर पाठवणाऱ्याचं नाव बघा. बहुतेक वेळा ते एजंटाचं नसतंच, तुमच्यासारख्याच दुसऱ्या खातेदाराचं असतं. त्यामुळे चॅट गेलं की साखळी तुमच्यापाशी येऊन थांबते. शिवाय पुरावा नष्ट करणं हा न्याय संहितेच्या कलम २३८ खाली स्वतंत्र गुन्हा आहे, आणि डिलीट केलेलं बऱ्याचदा परत मिळवता येतं. मोबाईल बदलू नका, विकू नका, रीसेट करू नका. एजंटाला फोन करून भांडूही नका. तो सावध होऊन तिकडून सगळं पुसून टाकेल.

या दोन-तीन दिवसांत करायच्या गोष्टी सांगतो. आधी ज्या सिमवर ओटीपी जातात ते सिम. ते तुमच्या नावावर आहे, म्हणजे कंपनीच्या स्टोअरमध्ये आधार घेऊन जा आणि ते बंद करून घ्या. सोबत संचार साथी पोर्टलवर तुमच्या नावावर एकूण किती सिम आहेत ते तपासा. उदगीरच्या पोराच्या नावावर पाच निघाली, त्यानं घेतली होती दोन. अंगठा लावताना 'लागला नाही, पुन्हा लावा' असं का म्हणतात ते तेव्हा कळतं.

मग बँकेच्या शाखेत लेखी अर्ज द्या. त्यात खरं तेच लिहायचं: कार्ड आणि नेट बँकिंग दुसऱ्याच्या ताब्यात आहे, ते बंद करावं, आणि खातं उघडल्यापासूनचं स्टेटमेंट द्यावं. खातं कोणत्या पोलीस ठाण्याच्या सांगण्यावरून, कोणत्या तक्रार क्रमांकावर, किती रकमेसाठी अडवलंय ते लेखी मागा. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. अर्जात काय लिहायचं आणि किती लिहायचं हे मात्र वकिलाला दाखवून ठरवा, कारण तो कागद पुढे कोर्टात येतो. स्टेटमेंट हाती आल्याशिवाय कुठलाच वकील तुम्हाला नीट सल्ला देऊ शकत नाही. महिना दहा हजार घेणाऱ्या एकाला वाटत होतं खात्यातून लाखभर गेले असतील, निघाले बावीस लाख.

नोटीस खरी आहे का, हेही तपासा. फ्रीज झालेल्या खातेदारांना घाबरवून पैसे काढणारी दुसरी टोळी असते. खऱ्या नोटिशीवर ठाण्याचं नाव, गुन्हा क्रमांक, कलमं, तपास अधिकाऱ्याचं नाव आणि हजर राहायची तारीख असते. नोटिशीवरच्या मोबाईलवर फोन करू नका, त्या राज्याच्या पोलिसांच्या वेबसाईटवरून ठाण्याचा नंबर काढा आणि गुन्हा क्रमांक सांगून विचारा. हजर राहायची नोटीस फक्त व्हॉट्सॲपवर पाठवून बजावली असं धरू नये, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२५ मध्ये सांगितलंय. पण व्हॉट्सॲपवर आली म्हणून दुर्लक्ष करू नका, कारण गुन्हा खरा असू शकतो. एक खूण पक्की: खातं सोडवायला किंवा नाव काढायला पैसे मागणारा, व्हिडिओ कॉलवर बसवून ठेवणारा माणूस पोलीस नसतो. 'दहा हजार द्या, अनफ्रीज करून देतो' म्हणणारे दलाल आपल्याकडेही झालेत. त्यांच्या हातात काही नसतं.

नोटीस खरी निघाली तर ती बहुधा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे तपास आणि अटकेचे नियम सांगणाऱ्या कायद्याच्या, कलम ३५(३) खालची असेल. ती अटकेची नोटीस नाही, तिचा उपयोग उलटा आहे. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात पोलिसांनी सरसकट अटक करू नये म्हणून ती आहे. तुम्ही हजर राहिलात, सहकार्य केलंत, तर अधिकाऱ्याला कारण लिहिल्याशिवाय अटक करता येत नाही. हजर राहिला नाहीत तर मात्र त्याच कलमात अटकेची वाट मोकळी होते. 'हैदराबाद लांब आहे, ते कशाला इथवर येतील' या भरवशावर बसलेल्या दोन पोरांना मी पहाटे उचलून नेलेलं पाहिलंय. आधी इथल्या मॅजिस्ट्रेटसमोर ट्रान्झिट रिमांड, म्हणजे आरोपीला परराज्यात न्यायची परवानगी, मग गाडीत बसवून रवाना. घरच्यांना तेलुगूत लिहिलेला कागद मिळतो आणि तिथला वकील शोधण्यात चार दिवस जातात. ठरलेल्या तारखेला खरंच जमत नसेल, आजारपण असेल, परीक्षा असेल, तर स्पीड पोस्टानं आणि ईमेलनं कारण कळवा आणि दुसरी तारीख मागा. पोच जपून ठेवा.

अटकपूर्व जामीन घ्यायचा का, हे मी स्टेटमेंट पाहिल्यावरच सांगतो. रक्कम लहान असेल, तक्रार एक-दोन असतील, रोकड स्वतः काढलेली नसेल तर मी बहुधा आधी नोटिशीला हजर व्हायला सांगतो. रक्कम मोठी, तक्रारी अनेक, किंवा कलमांत संघटित गुन्हेगारी असेल तर आधी जामीन. गुन्हा तेलंगणात असला तरी तात्पुरतं संरक्षण इथल्या सत्र न्यायालयात किंवा उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात मागता येतं. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ही वाट मान्य केलीय. ते ठरावीक दिवसांपुरतं असतं, तेवढ्यात तिकडच्या कोर्टात अर्ज करायचा. फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, ते जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असतं. उत्पन्न कमी असलेल्यांना, महिलांना, अनुसूचित जाती-जमातींना आणि कोठडीत असलेल्यांना तिथे फुकट वकील मिळतो.

घेतलेल्या कमिशनचं काय, हेही विचाराल. ते एजंटाला परत करू नका, आणि परस्पर तक्रारदाराला शोधून त्याच्याशी सौदाही करू नका. साक्षीदारावर दबाव आणला असा अर्थ निघतो. रक्कम बाजूला ठेवा, ती तपास अधिकाऱ्यामार्फत किंवा कोर्टात जमा करता येते. जामिनाच्या वेळी त्याचा उपयोग होतो. किती जमा करायची हे मात्र प्रकरणागणिक बदलतं. काही कोर्टं फक्त मिळालेलं कमिशन पाहतात, काही फसलेल्या माणसाची पूर्ण रक्कम.

राहिलं खातं. त्यात पीकविमा, पीएम किसानचे पैसे येत असतील तर लक्षात घ्या, डेबिट फ्रीजमध्ये पैसे जमा होत राहतात, फक्त काढता येत नाहीत. ज्यांचं खातं चुकून अडकलंय ते तपास अधिकाऱ्याकडे किंवा ज्या मॅजिस्ट्रेटच्या हद्दीत गुन्हा आहे तिथे अर्ज करून निदान वादातल्या रकमेपुरताच होल्ड ठेवा असं मागू शकतात. तुमचं खातं तर खरंच भाड्यानं दिलेलं होतं. गुन्ह्यातून सुटायच्या आधी ते मोकळं करून घ्यायची घाई केलीत तर तपास अधिकाऱ्याच्या डोळ्यात भराल, एवढंच. अनुदानाचे पैसे आधारला जोडलेल्या बँकेत येतात, ती जोडणी पोस्टात किंवा दुसऱ्या बँकेत हलवता येते. मात्र संशयित खातेदारांची यादी आता बँकांना दिसते, त्यामुळे नवीन खातं उघडताना नकार आला तर चकित होऊ नका. आणि आईच्या किंवा बहिणीच्या खात्यावर तुमचे व्यवहार सुरू करू नका. लाडकी बहीणचे दीड हजार येणारं खातंही मग त्याच यादीत जाऊन बसतं.

उदगीरच्या पोराला शेवटी जामीन मिळाला, सव्वीस दिवसांनी. तेलंगणात दोषारोपपत्र दाखल झालंय. चौदापैकी तीन तक्रारींत वेगळे गुन्हे नोंद आहेत, म्हणजे तीन ठिकाणच्या तारखा. तो तारखेच्या आदल्या रात्री निघतो, सकाळी तिकडच्या स्टेशनवर तोंड धुतो आणि साडेदहाला कोर्टात उभा राहतो. एजंट अजून सापडलेला नाही, पण पोरानं जपून ठेवलेल्या चॅटमधल्या एका फोटोवरून पोलिसांना त्याच्या गाडीचा नंबर मिळालाय.

तुम्ही जाताना आधार, खात्याचं पूर्ण स्टेटमेंट, बँकेला दिलेल्या अर्जाची शिक्का मारलेली प्रत, सिम बंद केल्याची पावती आणि चॅटचे छापील कागद असं सगळं दोन-दोन प्रतींत न्या. मूळ मोबाईलही सोबत ठेवा. पोलिसांनी तो मागितला तर द्या, पण जप्ती पंचनाम्याची प्रत घेतल्याशिवाय निघू नका. जबाब तेलुगूत लिहिला तर तो हिंदीत वाचून दाखवायला सांगा. आणि तारीख जवळ आली असेल तर वकील शोधायला उद्याच बाहेर पडा.